पहिला मजला नक्की कोणता?

लिफ्ट आणि एलेव्हेटर या जोडीने आजवर कुणाचं काही बिघडवलेलं नाही. लंडनच्या माणसाला एलेव्हेटर म्हटलं तर तो फार तर मनातल्या मनात हसतो, शिकागोच्या माणसाला लिफ्ट म्हटलं तर त्याला एक क्षण विचार करावा लागतो, पण दोघंही योग्य दारापाशीच जाऊन उभे राहतात. इंग्रजी शिकणाऱ्याच्या वहीत मात्र या निरुपद्रवी जोड्यांचेच तक्ते असतात. डावीकडे ब्रिटिश, उजवीकडे अमेरिकन: फ्लॅट आणि अपार्टमेंट, टॉर्च आणि फ्लॅशलाइट, पेट्रोल आणि गॅस. तक्ता पाठ केला की विषय संपला असं वाटतं.

खरी गंमत सुरू होते ती या लिफ्टमध्ये शिरल्यावर. कारण आता बटण दाबायचंय, आणि 'फर्स्ट फ्लोअर'ला बोलावलंय. ब्रिटनमध्ये रस्त्याला लागून असलेला मजला ग्राउंड फ्लोअर, त्याच्या वरचा पहिला. आपलंही तसंच, कारण मोजायची रीत आपण तिथूनच उचलली. अमेरिकेत रस्त्यालगतचा मजलाच पहिला, त्याच्या वरचा दुसरा. म्हणजे पुण्याहून पाठवलेल्या पत्रात 'आमचं ऑफिस फर्स्ट फ्लोअरवर आहे' असं लिहिलं, तर अमेरिकन पाहुणा खालीच दारं शोधत फिरेल. शब्द ओळखीचा, वाक्य शुद्ध, शंका घ्यायला जागाच नाही. म्हणून तर चूक लक्षात येत नाही.

दोन्हीकडच्या वाचकांसाठी लिहिणाऱ्याने घाबरायचं ते अशा शब्दांना. एका वस्तूला दोन नावं असतील तर अनोळखी नाव वाचताच वाचक अडखळतो, विचारतो, शोधतो. एका नावाच्या दोन वस्तू असल्या की वाचक अडखळतच नाही. चुकीचा अर्थ घेऊन आरामात पुढे जातो.

हे दोन संसार वेगळे कसे झाले, हे थोडक्यात पाहण्यासारखं आहे, कारण त्यावरून कुठे सावध राहायचं तेही कळतं. वसाहती १७७६ मध्ये स्वतंत्र झाल्या तेव्हा आगगाडी नव्हती, मोटार नव्हती, विजेचा दिवा नव्हता. ही यंत्रं पुढच्या सव्वाशे वर्षांत आली, आणि समुद्राच्या दोन्ही काठांवर लोकांनी आपापली नावं ठेवली. म्हणून मोटारीचा जवळजवळ प्रत्येक भाग दोन नावांनी ओळखला जातो. इंजिनावरचं झाकण इकडे बोनट, तिकडे हूड. मागची सामानाची जागा इकडे बूट, तिकडे ट्रंक. पुढची काच विंडस्क्रीन आणि विंडशील्ड. एलेव्हेटर हा शब्द अमेरिकेत आधी धान्याचा होता. बफेलो शहरात जोसेफ डार्टने १८४२ मध्ये वाफेवर चालणारं धान्य चढवायचं कोठार बांधलं, त्याला ते नाव होतं. पुढे एलायशा ओटिसने दोर तुटला तरी पाळणा जागच्या जागी अडकवणारा ब्रेक काढला, १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः वर उभं राहून दोर कापून दाखवला, आणि १८५७ मध्ये त्याच शहरातल्या एका दुकानात माणसांची ये-जा सुरू झाली. धान्याचं नाव माणसांच्या पाळण्याला चिकटलं. ब्रिटनमध्ये मात्र उचलण्यासाठीचा साधा लिफ्ट हाच शब्द रुळला.

सगळे अमेरिकन शब्द नवे आहेत असं मात्र नाही. पानगळीच्या ऋतूला 'फॉल' म्हणणं हे मूळचं इंग्लंडमधलंच. तिथे तो शब्द मागे पडला आणि ऑटम उरला, अमेरिकेत दोन्ही टिकले. फुटबॉलला सॉकर म्हणणं हेही इंग्लंडच्या विद्यार्थ्यांचंच काम, असोसिएशन या शब्दाचे तुकडे करून बनवलेलं. त्यामुळे अमेरिकनांनी इंग्रजी बिघडवली, हे आपल्याकडच्या जुन्या मास्तरांचं आवडतं मत फारसं टिकत नाही.

आता बिस्कीट. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि त्याच्या पोटात 'दोनदा भाजलेलं' असा अर्थ आहे. जहाजावर महिनोन्महिने टिकावं म्हणून पाव पुन्हा भाजून कडक करत. या हिशेबाने आपल्या इराण्याकडचा किंवा कोपऱ्यावरच्या बेकरीतला, चहात बुडवून खायचा टोस्ट हाच खरा बिस्कीट! (त्याला ब्रिटनमध्ये रस्क म्हणतात, टोस्ट म्हटलं की दोन्ही देशांत पावाची नुकती भाजलेली स्लाइस समोर येते.) पुढे ब्रिटनमध्ये बिस्कीट हा शब्द पसरत गेला आणि पातळ, कोरड्या, कुरकुरीत अशा सगळ्या गोड-खाऱ्या प्रकारांना लागला.

अमेरिकेत त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडली. न्यूयॉर्क हे १६६४ पर्यंत डच लोकांचं न्यू ॲमस्टरडॅम होतं. केकला डचमध्ये 'कूक', आणि छोट्या केकला 'कूक्ये'. इंग्रजांनी गाव घेतलं, पण स्वयंपाकघरातले शब्द तिथेच राहिले. अमीलिया सिमन्सचं 'अमेरिकन कुकरी' हे पुस्तक १७९६ मध्ये छापलं गेलं, त्यात कुकी आहेच. गोड बिस्किटांसाठी कुकी हा शब्द बसल्यावर बिस्कीट हे नाव मोकळं झालं, आणि ते एका अगदी वेगळ्या पदार्थाला मिळालं: मैदा, बेकिंग पावडर, लोणी आणि ताक मिसळून झटपट भाजलेला, आतून मऊ, पदर सुटणारा, फारसा गोड नसलेला छोटा पाव. दक्षिणेकडच्या राज्यांत तो सकाळी न्याहारीला खातात, मध्ये चिरून त्यावर दाट पांढरी ग्रेव्ही ओततात. 'बिस्किट्स अँड ग्रेव्ही' हे वाचून मारी बिस्किटावर रस्सा डोळ्यांसमोर आणणारा मराठी वाचक एकटा नाही. ब्रिटिश वाचकाचंही अगदी तेच होतं.

पण तक्त्यात 'बिस्कीट म्हणजे कुकी' असं लिहिणं इथेही पुरत नाही. अमेरिकेत कुकी ही आख्खी जात आहे. ब्रिटनमध्ये कुकी म्हणजे बिस्किटांतलाच एक प्रकार: मोठी, ओबडधोबड गोल, बहुतेक वेळा चॉकलेटचे तुकडे घातलेली. मॅसॅच्युसेट्समधल्या टोल हाउस इनच्या रूथ वेकफील्ड यांनी १९३० च्या दशकात ही चॉकलेट चिप कुकी लोकप्रिय केली, आणि वस्तू समुद्रापार गेली ती नाव घेऊनच. चीजबरोबर खायच्या खाऱ्या बिस्किटांना अमेरिकन माणूस कुकी कधीच म्हणणार नाही, ते क्रॅकर. म्हणजे ब्रिटिश मजकुरातलं प्रत्येक बिस्कीट शोधून तिथे कुकी टाकलं, तर चीजच्या ताटात कुकी येऊन पडते. आणि ब्रिटनमध्ये बिस्कीट की केक हा प्रश्न कराचाही आहे. चॉकलेटने मढवलेल्या बिस्किटावर व्हॅट लागतो, केकवर लागत नाही. जाफा केक नावाचा पदार्थ नेमका कोण, यावर १९९१ मध्ये लवादापुढे सुनावणी झाली आणि तो केक ठरला. तेव्हा या शब्दाबाबत ब्रिटिश माणूस काटेकोर असेल, तर त्याला कारण आहे.

एका नावाच्या दोन वस्तू कुठवर पोचवतात, याचा चर्चिल यांनी नोंदवलेला किस्सा प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धावरच्या त्यांच्या ग्रंथात तो येतो. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचं होतं, म्हणून त्यांनी ते 'टेबल' करायचं असं सांगितलं. अमेरिकन अधिकाऱ्यांच्या लेखी टेबल करणं म्हणजे विषय बाजूला सारणं, खणात टाकून विसरणं. त्यांनी विरोध केला. बराच वेळ तणातणी झाली, आणि मग कळलं की दोन्ही बाजूंना एकच गोष्ट हवी होती. आपल्या विधिमंडळात कागदपत्रं 'पटलावर ठेवतात' ती ब्रिटिश अर्थाने. त्या सवयीने बैठकीच्या इतिवृत्तात 'टेबल्ड' लिहून न्यूयॉर्कला पाठवणाऱ्याने हा किस्सा ध्यानात ठेवलेला बरा. तिथे सरळ 'चर्चेसाठी मांडला' किंवा 'पुढे ढकलला' असं इंग्रजीत लिहावं.

आता एक मजकूर हातात घेऊन बघू. कोथिंबीर वडीची कृती इंग्रजीत लिहायची आहे; वाचणार लेस्टरमधली मैत्रीण आणि न्यू जर्सीतली भाची, दोघींचे शेजारीही.

पहिलाच जिन्नस घोटाळ्याचा. कोथिंबीर म्हणजे कोरिअँडर, असं आपण शाळेत शिकलो. ब्रिटनमध्ये पानांना आणि धण्यांना दोन्हींना कोरिअँडर म्हणतात. अमेरिकेत पानं म्हणजे सिलँट्रो, हा मेक्सिकोकडून आलेला स्पॅनिश शब्द. कोरिअँडर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतात ते धणे. 'दोन कप कोरिअँडर' असं मोघम लिहिलं, तर न्यू जर्सीतल्या शेजारणीने धण्यांची बाटली उघडली तर तिचा दोष नाही. म्हणून 'फ्रेश कोरिअँडर लीव्ह्ज' लिहून लगेच कंसात सिलँट्रो द्यायचं. 'एक जुडी' लिहून भागत नाही, कारण ब्रिटिश सुपरमार्केटात कोथिंबीर ३० ग्रॅमच्या पाकिटातही येते. वजन द्यावं: साधारण १०० ग्रॅम, म्हणजे चिरून, दाबून भरलेले दोन कप.

मग बेसन. ब्रिटनमध्ये पाकिटावर 'ग्रॅम फ्लोर' छापलेलं असतं, आणि आपणही तेच लिहायला शिकतो. अमेरिकन वाचकाला ग्रॅम हे फक्त वजनाचं माप माहीत. 'वन कप ग्रॅम फ्लोर' वाचून त्याला वाटतं, आकडा छापायचा राहिला. इथे 'चिकपी फ्लोर' हा शब्द घ्यावा. तो दोन्हीकडे कळतो आणि त्याला दुसरा अर्थ नाही. कंसात बेसन लिहिलं की भारतीय दुकानात विचारायचीही सोय होते. कप म्हणजे अमेरिकेत साधारण २४० मिलिलिटर. ब्रिटिश घरांत बहुधा काटा असतो, तिथे ९० ते १०० ग्रॅम असं लिहावं.

कुरकुरीतपणासाठी काहीजणी थोडं कॉर्नफ्लोर घालतात. आपण त्याला कॉर्नफ्लॉवर म्हणतो आणि अर्थ ब्रिटिश घेतो: मक्याची पांढरीशुभ्र, बोटांत धरली की करकरणारी सत्त्वाची पूड. अमेरिकेत हिला कॉर्नस्टार्च म्हणतात. तिथे कॉर्न फ्लोर नावाचं पाकीटही मिळतं, पण त्यात आख्ख्या मक्याचं बारीक दळलेलं पीठ असतं, बहुतेक वेळा पिवळसर. वड्यांमध्ये त्याने मक्याची चव येईल इतकंच. पण याच चुकीने मांचुरियनचा रस्सा दाट होण्याऐवजी रवाळ आणि गढूळ होतो. कृतीप्रमाणे सगळं करूनही सार आळत नाही अशी तक्रार अमेरिकेतून आली, तर आधी पाकिटाचं नाव विचारावं. आपल्या कृतीपुरता सोपा मार्ग म्हणजे दोन चमचे तांदळाचं पीठ. काम तेच होतं आणि 'राइस फ्लोर' दोन्हीकडे एकच आहे.

मिरचीतही एक खाचखळगा आहे. ब्रिटिश चिलीच्या स्पेलिंगमध्ये दोन एल, अमेरिकन चिलीत एक. पण एक एल असलेली 'चिली' हा अमेरिकेत मांसाचा, पुष्कळदा राजमा घातलेला एक आख्खा पदार्थही आहे. नुसतं चिली न लिहिता 'फ्रेश ग्रीन' जोडलं की निभावतं; अमेरिकन दुकानात सेरानो मागावी. आणि शेवटी तेल टाळणारा कुणी वड्या वरून लाल करायच्या म्हणत असेल, तर ओव्हनमध्ये वरून येणाऱ्या त्या आचेला ब्रिटनमध्ये ग्रिल म्हणतात, अमेरिकेत ब्रॉइल. अमेरिकन ग्रिल म्हणजे अंगणातली जाळी, खालून विस्तव. उकडलेली वडी त्या जाळीवर ठेवली तर निम्मी निखाऱ्यात जाईल.

कृती तयार झाली, आणि त्यातून एक युक्तीही हाती आली. जोडीतल्या दोन शब्दांपैकी ज्याला पलीकडे दुसरा अर्थ नाही तो निवडायचा. पेव्हमेंट हा ब्रिटिश माणसाचा फुटपाथ, पण अमेरिकन इंजिनिअरसाठी तो रस्त्याचा डांबरी किंवा काँक्रीटचा पृष्ठभाग. 'मुलांनी पेव्हमेंटवरून चालावं' ही सूचना तिथे जिवावरची. साइडवॉक मात्र लंडनच्या वाचकाला परका वाटला तरी उलटा कळत नाही. पँट्स ब्रिटनमध्ये आतले कपडे, म्हणून ट्राउझर्स. खोडरबराला आपण आणि ब्रिटिश मुलं रबर म्हणतो, अमेरिकेत त्याचा अर्थ निरोध, म्हणून इरेझर. फॉल नको, ऑटम घ्यावा, कारण तो अमेरिकनांनाही माहीत असतो. असा एकअर्थी शब्द सापडत नसेल तर नाव सोडून वर्णन करायचं. मजल्याचं तसंच: 'दारातून आत आल्यावर एक जिना वर' असं लिहिलं की ग्राउंड आणि फर्स्टचा वादच उरत नाही. खोलीचा नंबर दिला तर अजून चांगलं.

अर्थात हे दोघांसाठी एकच मजकूर जाणार असेल तेव्हा. वाचक वेगळे असतील तर प्रकाशक करतात तसं दोन प्रती कराव्यात. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक ब्रिटनमध्ये १९९७ साली आलं, अमेरिकेत १९९८ साली. तिथे नावातला 'फिलॉसॉफर' जाऊन 'सॉर्सरर' आला, आणि डंबलडोरची आवडती शर्बत लेमन गोळी लेमन ड्रॉप झाली. हे काम कुणीतरी ओळ न् ओळ वाचून करतं. संगणकावर भाषा युनायटेड किंगडमची की युनायटेड स्टेट्सची, हे निवडता येतं. पण त्याने फक्त स्पेलिंग तपासलं जातं. कलरमधला जादा यू तो पकडेल. पेव्हमेंट, फर्स्ट फ्लोर, टेबल हे शब्द दोन्हीकडे शुद्धच असल्यामुळे तो हूं की चूं करणार नाही. त्यासाठी केंब्रिजचा शब्दकोश उघडावा. तिथे अर्थापुढे यूके किंवा यूएस अशी खूण असते. शब्दापुढे दोन अर्थ आणि दोन वेगळ्या खुणा दिसल्या की तो शब्द मजकुरातून काढायचा किंवा सोबत अर्थ द्यायचा.

शब्दकोशातही नीट न सापडणारी एक अडचण 'क्वाइट'ची. क्वाइट गुड म्हणजे अमेरिकनाच्या लेखी चांगलंच छान. ब्रिटिश वाचकाला त्यात 'ठीक आहे, बरं आहे' असा थंडपणा ऐकू येतो. एखाद्याच्या कामाचं कौतुक करताना हा शब्द न वापरणंच उत्तम.

मजकूर पाठवण्याआधी आणखी एक चाळण लावावी लागते, आणि ती आपली स्वतःची. ब्रिटिश समजून आपण लिहितो त्यातले काही शब्द आता ब्रिटनमध्येही चालत नाहीत. ब्रिंजल लंडनला ऑबर्जीन असतं आणि न्यूयॉर्कला एगप्लांट. ब्रिंजल तिथे लोणच्याच्या बाटलीवर दिसतं तेवढंच. स्टेपनी हे वेल्समधल्या लानेथली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून पडलेलं नाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जादा चाक बनत असे. आज ब्रिटनमध्येही स्पेअर व्हील म्हणावं लागतं, अमेरिकेत स्पेअर टायर.

सगळ्यांत फसवा मात्र आपला 'कॉट'. आपल्याकडे तो मोठ्या माणसाचा पलंग. ब्रिटनमध्ये तान्ह्या बाळाचा कठडेवाला पाळणा, ज्याला अमेरिकेत क्रिब म्हणतात. अमेरिकेत कॉट म्हणजे कॅम्पला न्यायची घडीची खाट. आजी बरोबर येणार म्हणून हॉटेलला 'वन एक्स्ट्रा कॉट' असं कळवलं, तर एडिनबरात खोलीत पाळणा लागलेला असेल आणि बॉस्टनमध्ये आजींना घडीच्या खाटेवर झोपावं लागेल. ई-मेलमध्ये 'ॲन एक्स्ट्रा बेड फॉर ॲन अडल्ट' असं लिहावं.